दिवाळीची सुट्टी, पार्सल रवानगीच्या तारखा आणि उत्तरांना होणारा उशीर

पुणे, सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

सर्व ग्राहकांस नमस्कार.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरक चतुर्दशी) ते गुरुवार, २३ ऑक्टोबर (भाऊबीज) असे चार दिवस आमचे टिळक रस्ता आणि कोथरूड हे दोन्ही काउंटर पूर्ण बंद राहतील. शुक्रवार, २४ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता उघडतील. या दिवसांत शटर अर्धे वर दिसले, तर आत साफसफाई किंवा लक्ष्मीपूजन चालू आहे असे समजावे. त्या वेळी पार्सल घेतले जाणार नाही. ओळख असली तरी.

सुट्टीआधी पोहोचायला हवे असेल, तर बुकिंगच्या शेवटच्या वेळा अशा:

तालुक्याच्या पुढची गावे, कोकणातल्या वाड्या : बुधवार, १५ ऑक्टोबर, सायंकाळी ५
दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर : गुरुवार, १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५
मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर : शनिवार, १८ ऑक्टोबर, दुपारी १
पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांत : शनिवार, १८ ऑक्टोबर, सायंकाळी ५

दुपारी १ म्हणजे १. मुंबईची गाडी दीडला भरायला लागते आणि ती कोणासाठी थांबत नाही. रविवारी, १९ तारखेला काउंटर सकाळी १० ते १ उघडा असेल, पण फक्त आलेली पार्सले घेऊन जाण्यासाठी. नवे बुकिंग त्या दिवशी नाही. तुमच्या नावाचे पार्सल आमच्याकडे येऊन पडले असेल तर तेव्हा घेऊन जा, नाहीतर थेट शुक्रवारी मिळेल.

यंदा एक जास्तीची अडचण आहे. अमावास्या २० तारखेच्या दुपारी लागते आणि २१ च्या संध्याकाळी संपते. त्यामुळे उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी दिवाळी सोमवारी आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन मंगळवारी. सोमवारी तिकडचेही बंद, आणि ते उघडतात तेव्हा आपण अजून बंदच. दिल्ली, जयपूर, लखनौकडे जाणारी पार्सले म्हणून दोन्हीकडून अडकणार. शिवाय लोडिंगची पोरे बहुतेक मराठवाड्यातली आणि विदर्भातली. वर्षभर रात्री बारापर्यंत पोती उचलणाऱ्या माणसाला चार दिवस घरी जाऊ द्यायचे नाही, हे आम्हाला जमणार नाही. १६ नंतर बुक केलेल्या पार्सलला म्हणून नेहमीपेक्षा दोन ते चार दिवस जास्त धरा. ट्रॅकिंगवर ‘In Transit’ हेच दोन दिवस दिसत राहिले, तर पार्सल हरवलेले नसते. ते भिवंडीच्या किंवा चाकणच्या गोदामात बॅगेत पडून असते आणि तिथे स्कॅन करायला माणूस नसतो.

आता परदेशी फराळाबद्दल, कारण रोज काउंटरवर हाच प्रश्न आहे. आजपासून बुक होणारे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीचे पार्सल लक्ष्मीपूजनाआधी पोहोचेल, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. दुसरीकडे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिकडे द्यावे, आमचा राग नाही. दिवाळीनंतर पोहोचले तरी चालणार असेल, तर शुक्रवार, १७ ऑक्टोबर सायंकाळपर्यंत आणून द्या. ती बॅग शनिवारी सकाळी मुंबईला जाईल. त्यापुढची परदेशी बॅग शनिवार, २५ ऑक्टोबरलाच निघेल.

अमेरिकेच्या बाबतीत कागदांना आता जास्त वेळ लागतो. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी तिकडे २९ ऑगस्टपासून बंद झाली आहे. माणसाने माणसाला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट अजून सुटते, पण आत काय आहे ते नीट लिहिलेले हवे. यादीत नुसते ‘फराळ’ किंवा ‘खाऊ’ लिहून चालत नाही. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे असा प्रत्येक जिन्नस वेगळा, वजन आणि किंमत घालून लिहा. पाठवणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत सोबत आणा. झेरॉक्स समोरच्या दुकानात मिळते, पण ते दुकानही २० पासून बंद आहे.

पॅकिंगचे आम्ही करतोच, तरी घरून आणताना दोन गोष्टी सांभाळा. ओल्या नारळाच्या करंज्या आणि ताज्या खव्याचे काहीही या आठवड्यात घेणार नाही, देशातल्या पत्त्यालासुद्धा. बंद गोदामात चार दिवस राहिले की डबा उघडणारा नाक दाबूनच उघडेल. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या चालतील. युरोप आणि ब्रिटनला दुधाचे पदार्थ मुळातच चालत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी तिकडच्या डब्यात लपवून घालू नये. सापडले तर अख्खा डबा जातो, चकल्यांसकट. आणि चकली प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, पोहोचेपर्यंत तिची भाजणी होते. कडक डब्यात उभी रचा, मधल्या फटींत चिवड्याची छोटी पाकिटे सरकवा. हलवल्यावर आवाज आला नाही की डबा बरोबर भरला.

फटाके, फुलबाज्या, अत्तराच्या बाटल्या, सुटी पॉवर बँक घेतली जाणार नाही. आकाशकंदिलात सेल असतील तर काढून आणा. भाऊबीजेची रोख रक्कम आणि दागिने पार्सलमध्ये घालू नयेत. ओवाळणी फोनवरूनही पाठवता येते आणि ती लगेच पोहोचते.

व्हिसा, प्रवेश, कोर्ट, टेंडर अशा मुदतीच्या कागदांसाठी विशेष विनंती : मुदत २८ ऑक्टोबरच्या आत असेल, तर शुक्रवार, १७ तारखेनंतर आमच्या भरवशावर राहू नका. स्वतः नेऊन देता येत असेल तर तसेच करा. आमचे शंभर-दीडशे रुपये बुडाले तरी चालतील.

सुट्टीत फोन उचलला जाणार नाही. व्हॉट्सअॅप बघितले जाईल, पण २४ पर्यंत उत्तर येणार नाही. मेसेज एकच पाठवा आणि त्यात पावतीवरचा नंबर, पोहोचवायच्या गावाचा पिन कोड आणि अडचण लिहा. नुसते ‘हॅलो’, मग ‘आहात का’, मग प्रश्नचिन्ह असे करू नका. आम्ही उत्तरे सर्वांत जुन्या मेसेजपासून, म्हणजे यादीच्या तळापासून देतो. नवा मेसेज टाकला की तुमचे नाव उसळी मारून वर येते आणि तुमचा नंबर शेवटी जातो. साठलेल्या सगळ्या मेसेजना सोमवार, २७ ऑक्टोबर संध्याकाळपर्यंत उत्तर देऊ. पार्सल फुटले, भिजले किंवा कमी निघाले असेल तर वाट न पाहता खोक्याचे बाहेरून आणि आतून फोटो काढून लगेच पाठवून ठेवा. दाव्याची तारीख तुमच्या मेसेजच्या दिवसाची धरू, आमच्या उत्तराची नाही.

२४ तारखेला काउंटरवर गर्दी असणार. साठलेले वाटप आधी, त्यामुळे घरी येऊन पार्सल नेण्याची सोय सोमवार, २७ पासून. रविवार, २६ ऑक्टोबरला सुट्टी असूनही टिळक रस्त्याचा काउंटर दुपारी १ पर्यंत चालू ठेवत आहोत. कोथरूडचा त्या दिवशी बंद.

दरात दिवाळीचा म्हणून काहीही वाढवलेले नाही. कोणी पोरगा पोस्त मागायला आला तर द्यायचे की नाही ते तुमच्यावर, पण पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त कोणी मागितले तर आम्हाला कळवा.

आपणा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.

व्यवस्थापक
कुरिअर व पार्सल काउंटर, टिळक रस्ता आणि कोथरूड, पुणे