दहावी विज्ञान भाग 1: प्रश्न, थांबा, उत्तर
(नाशिकरोड अभ्यासिका, रविवार सकाळी 9 ते 10:15)

सत्र चालवणाऱ्यांसाठी

प्रत्येक प्रश्नाला दोन स्वतंत्र स्लाइड आहेत: पहिलीवर फक्त प्रश्न, दुसरीवर उत्तर. एकाच स्लाइडवर उत्तर लपवून ठेवू नका. एक क्लिक जास्त पडला की उत्तर फुटतं आणि तो प्रश्न वाया जातो.

थांब्याचे सेकंद मोबाइलच्या घड्याळावर मोजा, अंदाजाने नको. समोर पन्नास मुलं गप्प बसली की आपल्याला 15 सेकंदच मिनिटभर वाटतात आणि तोंडातून सूचक शब्द निसटतो. थांब्यात "झालं का?" एवढंही विचारायचं नाही. मागच्या बाकावरचं मूल तेव्हा गुणाकाराच्या मधोमध असतं.

पर्यायी प्रश्नांना मुलं बोटांनी उत्तर देतात: अ ला 1 बोट, ब ला 2, क ला 3, ड ला 4. हात छातीशी धरायचा, वर करायचा नाही, नाहीतर हुशार मुलाकडे बघून बोटं बदलतात. निम्म्याहून जास्त उत्तरं चुकलेली दिसली तर उत्तर उघडू नका. एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या आणि पुन्हा बोटं मागा.

सुरुवात (मोठ्याने)

मुलांनो, वह्या-पुस्तकं दप्तरात ठेवा. बाकावर एक कोरा कागद आणि पेन एवढंच हवं. कागदाच्या उजवीकडे दोन बोटांचा समास सोडा.

पेपर 40 गुणांचा, वेळ 2 तास. धडे तुम्ही वाचलेत. आज बघायचं आहे ते पुस्तक मिटल्यावर काय आठवतं. म्हणून नियम एकच: उत्तर दिसण्याआधी कागदावर काहीतरी लिहिलेलंच पाहिजे, चुकीचं असलं तरी चालेल. मनात "येतंय मला" म्हणणं धरायचं नाही. फळ्यावर उत्तर दिसलं की प्रत्येकालाच ते आधीपासून येत होतं असं वाटतं.

चुकलं तर समासात एक अक्षर लिहा. एकक चुकलं तर ए, चिन्ह चुकलं तर चि, सूत्रच आठवलं नाही तर सू, कारण देता आलं नाही तर का.

---

स्लाइड 1. प्रश्न

दिंडोरीहून आलेल्या द्राक्षांच्या एका क्रेटचे वस्तुमान 20 kg आहे. चंद्रावर त्याचे वस्तुमान व वजन किती? (g = 9.8 m/s², चंद्रावर g पृथ्वीच्या 1/6)

*[थांबा: 45 सेकंद]*

स्लाइड 2. उत्तर

वस्तुमान = 20 kg
पृथ्वीवरील वजन W = mg = 20 × 9.8 = 196 N
चंद्रावरील वजन = 196 ÷ 6 ≈ 32.7 N

*(बोला)* ज्यांनी वजन kg मध्ये लिहिलं त्यांनी समासात ए लिहा. बाजारात आपण "वीस किलो वजन" म्हणतो, तीच सवय पेपरात येते. वजन हे बल आहे, म्हणून त्याचं एकक न्यूटन. आणि वस्तुमानाला 6 ने भागलंत का? क्रेटमधली द्राक्षं तेवढीच आहेत, ती चंद्रावर कमी कशी होतील?

---

स्लाइड 3. प्रश्न

एक उपग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून 35780 km उंचीवर फिरत आहे. त्याचा वेग काढा.
(R = 6400 km, G = 6.67 × 10⁻¹¹ N m²/kg², M = 6 × 10²⁴ kg)

*[थांबा: 2 मिनिटं. पहिल्या मिनिटानंतर एवढंच म्हणा: "आकृती काढली का?" या सत्रात थांब्यात बोलायची परवानगी इथेच आहे.]*

स्लाइड 4. उत्तर

v = √(GM/(R + h))
R + h = 6400 + 35780 = 42180 km = 4.218 × 10⁷ m
GM = 4.002 × 10¹⁴
v = √(9.488 × 10⁶) ≈ 3080 m/s = 3.08 km/s

*(बोला)* कोणाचं उत्तर 3.34 km/s आलंय? हात वर करा, लाजायचं कारण नाही. हे उत्तर कुठून येतं ते मला नेमकं ठाऊक आहे. तुम्ही R मिळवायला विसरलात आणि नुसता h घातलात. सूत्रातलं अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं असतं, गणितात दिलेली उंची मात्र पृष्ठभागापासूनची असते. एक गोल, त्याच्या मधोमध टिंब, टिंबापासून उपग्रहापर्यंत रेघ. एवढी आकृती काढली की ही चूक होत नाही.

दुसरी चूक km तसेच ठेवण्याची. G च्या एककात मीटर आहे, म्हणून अंतरही मीटरमध्येच हवं. घातांकांचं गणित वेगळ्या ओळीवर करा. एकाच ओळीत कोंबलं की 10¹⁴ चं 10⁴ होतं. आणि आकडेमोड चुकली तरी सूत्र व किमती नीट मांडलेल्या असतील तर त्या पायऱ्यांचे गुण मिळतात. मधल्या ओळी खोडू नका.

---

स्लाइड 5. प्रश्न

0 °C तापमानाच्या 10 g बर्फाचे 20 °C तापमानाच्या पाण्यात रूपांतर करण्यासाठी किती उष्णता लागेल?
(अ) 200 cal (ब) 800 cal (क) 1000 cal (ड) 5400 cal

*[थांबा: 60 सेकंद. मग "तीन, दोन, एक, बोटं!"]*

*[इथे बोटं बहुधा 1 आणि 3 मध्ये विभागली जातात. तसं झालं तर उत्तर थांबवा, शेजाऱ्याशी चर्चेला एक मिनिट, पुन्हा बोटं.]*

स्लाइड 6. उत्तर: (क)

बर्फ वितळताना: Q₁ = mL = 10 × 80 = 800 cal
पाणी तापताना: Q₂ = mcΔT = 10 × 1 × 20 = 200 cal
एकूण = 1000 cal

*(बोला)* अ निवडणाऱ्यांनी फक्त तापमान वाढताना बघितलं. ब निवडणारे बर्फ वितळवून थांबले. ड मध्ये 540 वापरला आहे, तो पाण्याची वाफ होतानाचा अप्रकट उष्मा. गणित वाचताना पेन्सिलीने बाण काढा: बर्फ 0° → पाणी 0° → पाणी 20°. जितके बाण तितक्या पायऱ्या. पहिल्या बाणावर तापमान बदलतच नाही, म्हणून तिथे ΔT चं सूत्र चालणार नाही.

---

स्लाइड 7. प्रश्न

डिसेंबरातील पहाटे निफाडच्या द्राक्षबागेत पानांवर दव जमले आहे. रात्रभर हवेत नवीन बाष्प आलेले नाही. मग दव का पडले? पानालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता किती? दोन वाक्यांत लिहा.

*[थांबा: 75 सेकंद]*

स्लाइड 8. उत्तर

तापमान कमी झाले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. तापमान दवबिंदूपर्यंत उतरल्यावर हवा बाष्पाने संपृक्त होते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता 100 % होते. आणखी उतरल्यावर जास्तीचे बाष्प पाणी होऊन पानावर जमते.

*(बोला)* "हवेत बाष्प वाढलं" असं लिहिलं असेल तर का. बाष्प तेवढंच आहे, हवेची धारणक्षमता घटली. "संपृक्त" आणि "दवबिंदू" हे दोन शब्द उत्तरात नसतील तर आत्ता लिहून त्याखाली रेघ मारा.

---

स्लाइड 9. प्रश्न

230 V च्या एकाच परिपथावर 2000 W चा गीझर आणि 1000 W ची इस्त्री एकाच वेळी चालू केली. परिपथात 10 A ची वितळतार आहे. काय होईल? आकड्यासह सांगा.

*[थांबा: 60 सेकंद]*

स्लाइड 10. उत्तर

I = P/V = 3000 ÷ 230 ≈ 13 A
13 A > 10 A, म्हणून तार वितळून परिपथ खंडित होईल. हा अतिभार.

*(बोला)* पुष्कळ जण इथे "लघुपरिपथन" लिहितात. ते वेगळं. त्यात वीजयुक्त आणि तटस्थ तारा एकमेकींना चिकटतात, रोध फार कमी होतो आणि विद्युतधारा एकदम वाढते. इथे तारा धड आहेत, फक्त उपकरणं जास्त झाली. आणि घरी वितळतार उडाली तर तिच्या जागी तांब्याची जाड तार बांधू नका. ती वितळणार नाही, तापेल ती भिंतीतली वायर.

---

स्लाइड 11. प्रश्न

शेवटच्या बाकावरील मुलीला फळा अस्पष्ट दिसतो. तिच्या चष्म्याची शक्ती −2.5 D आहे. दृष्टिदोष, भिंगाचा प्रकार व नाभीय अंतर सांगा.

*[थांबा: 45 सेकंद]*

स्लाइड 12. उत्तर

निकटदृष्टिता, अंतर्गोल भिंग
f = 1/P = 1 ÷ (−2.5) = −0.4 m = −40 cm

*(बोला)* ऋण चिन्ह राहिलं तर चि. चिन्हाविना हे भिंग बहिर्गोल ठरतं आणि त्या मुलीला फळा आणखी धूसर दिसेल. 0.4 cm लिहिलं असेल तर ए. सूत्रातून येणारं अंतर मीटरमध्ये असतं.

---

स्लाइड 13. प्रश्न

रेल्वेचे रूळ जोडताना वापरली जाणारी थर्मिट अभिक्रिया संतुलित करा व ती का घडते ते सांगा.
Fe₂O₃ + Al → Al₂O₃ + Fe + उष्णता

*[थांबा: 45 सेकंद]*

स्लाइड 14. उत्तर

Fe₂O₃ + 2Al → Al₂O₃ + 2Fe + उष्णता
ॲल्युमिनिअम लोखंडापेक्षा अधिक अभिक्रियाशील आहे, म्हणून ते लोखंडाला ऑक्साइडमधून विस्थापित करते.

*(बोला)* संतुलन करताना रेणूसूत्रातला लहान आकडा कधीच बदलायचा नाही. Fe च्या जागी Fe₂ लिहिलं असेल तर पूर्ण चूक. उष्णता इतकी निर्माण होते की लोखंड वितळलेल्या रूपातच मिळतं आणि ते रुळांच्या फटीत ओततात.

---

स्लाइड 15. प्रश्न

भांडी बाजार आणि सराफ बाजार, तीन छोटे प्रश्न:
1. चांदीची वाटी काळी पडते. तो थर कशाचा?
2. तांब्याच्या हंड्यावर हिरवट थर येतो. तो कशाचा?
3. पितळी पातेल्याला कल्हई करतात. कोणता धातू?

*[थांबा: 40 सेकंद]*

स्लाइड 16. उत्तर

1. सिल्व्हर सल्फाइड, Ag₂S
2. कॉपर कार्बोनेट व कॉपर हायड्रॉक्साइड यांचे मिश्रण
3. कथिल (Sn)

*(बोला)* पहिल्याला "ऑक्साइड" लिहिणारे दरवेळी भेटतात. चांदी काळी होते ती हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे. तिसऱ्यात जस्त लिहिलंत तर ते जस्तविलेपन, जसं लोखंडी पत्र्यावर करतात.

---

स्लाइड 17. झटपट फेरी *[प्रत्येकी 10 सेकंद, उत्तर लगेच]*

अणुअंक 17: आवर्त व गण? → 2, 8, 7. आवर्त 3, गण 17.
काचेचा अपवर्तनांक 1.5: काचेतील प्रकाशाचा वेग? → 2 × 10⁸ m/s.
विजेचे 1 युनिट म्हणजे किती ज्यूल? → 3.6 × 10⁶ J.
विद्युत चलित्रासाठी फ्लेमिंगचा कोणता हात? → डावा. जनित्रासाठी उजवा.

---

स्लाइड 18. शेवटची 6 मिनिटं

*(बोला)* आता समास मोजा. ए किती, चि किती, सू किती, का किती, ते कागदाच्या वर लिहा. मग कागद उलटा करा आणि चुकलेल्यांपैकी कोणतेही दोन प्रश्न मागच्या बाजूला न बघता पुन्हा सोडवा. स्लाइड बंद आहे, मी काही बोलणार नाही.

*[थांबा: 6 मिनिटं. मग कागद गोळा करा, नाव नको. ज्या प्रश्नाला सर्वांत जास्त सू असतील तो पुढच्या रविवारी आकडे बदलून पहिला घ्या.]*