जर्नल नोंदीचं नॅरेशन आणि व्हाउचरचा संदर्भ : नव्या लिपिकासाठी टिपण
लेखा विभाग, मुख्य कार्यालय, शुक्रवार पेठ, पुणे

रोख आणि बँकेच्या नोंदींच्या पाठीशी पावती असते, चेक नंबर असतो, बँकेचा उतारा असतो. जर्नलमध्ये पैसा हलतच नाही. एका खात्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला, एवढंच. म्हणून लेखापरीक्षक जर्नलवर जास्त वेळ बसतात. ते बसतात तेव्हा नोंद करणारा बहुधा रजेवर असतो किंवा धायरी शाखेत बदलून गेलेला असतो. त्याच्या जागी नॅरेशनने बोलायचं असतं.

खात्याचं नाव, रक्कम आणि तारीख नोंदीत वरच दिसते. ती पुन्हा लिहू नका. ‘विमा खर्च आगाऊ विमा खाती वर्ग केला’ हे नॅरेशन वाचणाऱ्याला काहीच नवं सांगत नाही. वर्ग का केला, इतकीच रक्कम का आणि मूळ कागद कुठे आहे, हे त्याला हवं असतं.

हडपसर शाखेच्या रोकड विम्याचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२६ ला वर्षाचा हप्ता २४,००० रुपये बँकेतून भरला आणि सगळा विमा खर्चाला नावे टाकला. ३१ मार्चला त्यातले तीनच महिने संपलेत. उरलेल्या नऊ महिन्यांचे १८,००० पुढच्या वर्षाचे आहेत. आगाऊ विमा नावे, विमा खर्च जमा. नॅरेशन असं :

```
हडपसर रोकड विमा, मुदत 01-01-2026 ते 31-12-2026,
हप्ता 24,000. पैकी एप्रिल ते डिसें. 9 महिने x 2,000
पुढील वर्षाचे. मूळ व्हाउचर BP-2526-0912.
```

हे वाचून कोणीही कॅल्क्युलेटर न काढता १८,००० पर्यंत पोचतो. हिशेब एका ओळीत मावत असेल तर नॅरेशनमध्येच मांडा. घसारा किंवा ठेवींवरच्या देय व्याजाची तरतूद असेल तर तो मावणार नाही. तिथे तक्ता जोडा आणि नॅरेशनमध्ये ‘सोबत तक्ता, 3 पाने’ असं पानांच्या संख्येसह लिहा. संख्या लिहिली की एखादं पान गळालं तरी लक्षात येतं.

शब्द मराठीत, पण आकडे इंग्रजी, हे वर दिसलंच असेल. यामागे अभिमानाचा प्रश्न नाही. व्हाउचर नंबर आपलं सॉफ्टवेअर इंग्रजी आकड्यांत देतं. तुम्ही ‘०९१२’ टाइप केलंत आणि उद्या कोणी `0912` शोधलं तर ती नोंद सापडत नाही. डॅश आणि शून्यंही जशीच्या तशी टाका.

‘वरीलप्रमाणे’ आणि ‘सदर बिलाबाबत’ हे शब्द पूर्ण बंद. तुम्ही एकापाठोपाठ पाच नोंदी करता तेव्हा ‘वरील’ म्हणजे काय ते तुम्हाला दिसत असतं. खतावणीचा उतारा काढला की त्या पाच नोंदी पाच वेगळ्या खात्यांत जाऊन बसतात आणि ‘वरील’ला वर कोणीच राहत नाही. प्रत्येक नॅरेशन एकटं वाचलं तरी समजलं पाहिजे.

‘साहेबांच्या सांगण्यावरून’ हेही नको. व्याजात सूट दिली असेल तर ठरावाचा आधार लागतो : ‘कर्ज खाते क्र. 1183, दंड व्याज सूट, संचालक मंडळ सभा 14-03-2026, ठराव क्र. 9’. ठरावाची प्रत हातात नसेल तर नोंद थांबवा. कोणी घाई केली तर माझ्याकडे पाठवा.

दुरुस्तीच्या नोंदीत हात सगळ्यात जास्त आखडतो, कारण चूक कागदावर मांडायला नको वाटतं. मीही त्यातूनच शिकले. आधीच्या नोकरीत ११,८०० रुपयांच्या एका नोंदीला मी नुसतं ‘चूक दुरुस्ती’ असं नॅरेशन दिलं होतं. दीड वर्षाने प्रश्न आला, तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे उपसायला तीन दिवस गेले. छपाईचं बिल इमारत दुरुस्ती खात्यात पडलं होतं, गोष्ट एवढीच. आता मी असं लिहिते :

```
JV-2526-0131 दि. 09-12-2025 मध्ये पासबुक छपाई बिल
क्र. 447 चुकून इमारत दुरुस्तीस नावे; ते छपाई व
स्टेशनरी खाती घेतले. रक्कम तीच.
```

मूळ नोंदीचा नंबर, काय चुकलं, आता काय केलं. कोणी चुकलं ते लिहायचं नाही.

टीडीएसच्या नोंदीत खाती तीन, पण नॅरेशन एकच. वकिलांचं ६०,००० चं बिल असेल तर कायदेशीर फी ६०,००० नावे, वकील देणे ५४,००० जमा आणि टीडीएस देणे ६,००० जमा. नॅरेशनमध्ये बिल क्रमांक, तारीख, कोणत्या कामाची फी आणि ‘टीडीएस 10%’ एवढं आलं पाहिजे. तिमाही विवरणपत्र भरताना मी हेच बघत बसते.

आता कागद. नोंद सेव्ह झाली की स्क्रीनवर `JV-2526-0147` असा नंबर येतो. तो लगेच बिलाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहा आणि बिलाचा नंबर नोंदीच्या संदर्भ रकान्यात टाका. नोंदीवरून कागद आणि कागदावरून नोंद, दोन्हीकडून वाट हवी. लोक पहिली करतात आणि दुसरी विसरतात. मग बिल हातात असतं, पण त्याची नोंद झाली की नाही ते कळत नाही आणि तेच बिल दोनदा खर्ची पडतं.

एकाच बिलावर दोन-तीन नोंदी असतील तर मूळ बिल पहिल्या व्हाउचरला जोडा. बाकीच्यांना झेरॉक्स, आणि तिच्यावर ‘मूळ बिल JV-2526-0147 सोबत’. मार्चची तरतूद एप्रिलमध्ये उलटवता तेव्हा उलट नोंदीत तरतुदीचा नंबर हवाच. नाहीतर महावितरणचं मार्चचं बिल दोन्ही वर्षांच्या खर्चात दिसतं.

थर्मल कागदावरची पावती, म्हणजे कुरिअर किंवा पेट्रोलची, त्याच दिवशी झेरॉक्स काढून मुळासोबत लावा. पुण्याचा एक उन्हाळा तिला पुरतो, पांढरी होते. टाचणी नको, गंजते. स्टेपल डाव्या वरच्या कोपऱ्यात, पंचिंगच्या भोकात आकडे जाणार नाहीत असं. स्कॅन केलेल्या पीडीएफला व्हाउचरचाच नंबर द्या, `scan001` नको.

व्हाउचरवर तुमची सही ‘तयार केले’पुढे आणि माझी ‘तपासले’पुढे. माझी सही नसलेलं व्हाउचर फाइलला लावू नका, मी समोर बसलेली असले तरी. लेखापरीक्षकांचा प्रत्येक शेरा पुढे ‘ओ’ नमुन्यातल्या दोषदुरुस्ती अहवालात उत्तर मागतो, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभाही असते. त्या धावपळीत जुनं व्हाउचर शोधायला कोणालाच वेळ नसतो.

पहिल्या पंधरवड्यात तुमच्या सगळ्या जर्नल नोंदी सेव्ह करण्याआधी कागदावर लिहून मला दाखवा. दुपारी चारनंतर या, त्याआधी काउंटरवर गर्दी असते.