रविवारच्या निर्णयाबद्दल माझं वेगळं मत, फक्त नोंदीसाठी

नमस्कार मंडळी,

महेशदादांनी काल रात्री रविवारच्या बैठकीचा निर्णय इथे टाकला, तो वाचला. या हिवाळ्यात पक्षी दिसला की त्याच दिवशी नेमक्या जागेची पिन मुख्य गटात टाकायची, अभयारण्याच्या हद्दीतल्या जागा तेवढ्या वगळायच्या, आणि गड्डा उरकल्यावर फेरविचार करायचा. हात वर करून ठरलं, बहुमत स्पष्ट होतं. बैठकीत मला बोलायला पुरेसा वेळ मिळाला आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यामुळे निर्णय झाला आहे, तो मला बंधनकारक आहे, आणि तो बदला असं मी म्हणत नाही.

माझं मत मात्र वेगळं आहे, आणि ते फक्त एका मुद्द्यापुरतं आहे: भोवत्यांचा रातथारा, म्हणजे आपण ज्याला हॅरियरचा रूस्ट म्हणतो तो. बाकी पिनांबद्दल माझी काही हरकत नाही. तलावावरची बदकं, शेताच्या बांधावरचा चंडोल, विजेच्या तारेवरचा कापशी यांची जागा कळली तर नव्या माणसाचा फायदाच आहे. बार्शीकडून, मोहोळकडून एसटीने येणाऱ्या मुलांना 'जुन्यांनाच सगळं माहीत' असं वाटतं, ही रेणुकाताईंची तक्रार खरी आहे. ती मिटलीच पाहिजे.

रातथाऱ्याचं वेगळं एवढ्यासाठी की भोवत्या झाडावर झोपत नाही. कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून इथवर आलेला हा पक्षी दिवसभर माळावर नाकतोडे आणि उंदीर टिपतो आणि सूर्य मावळताना बाकीच्यांसोबत गवतात, थेट जमिनीवर उतरतो. एकाच माळावर, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर. तिथे अंधारात कुणी चालत गेलं किंवा गाडीचे दिवे गवतावर पडले तर सगळेच्या सगळे उठतात. मग उशिरा दुसरीकडे बसतात किंवा ती जागाच सोडतात. झाडावर बसणारा पक्षी फांदी बदलून निभावून नेतो. याला मात्र लांडगा, कोल्हा, भटकी कुत्री या सगळ्यांच्या वाटेतच रात्र काढायची असते. आणि आपल्याला माहीत असलेले दोन्ही रातथारे गायरानावर आहेत, अभयारण्याबाहेर. तिथे वनरक्षक नाही, गेट नाही. डिसेंबर उजाडला की हुरड्याच्या गाड्या त्याच रस्त्याने येणार, आणि आपली पिन गटातून बाहेर जायला एक फॉरवर्ड पुरतो. माझी भीती आपल्या माणसांची नाही, त्या फॉरवर्डची आहे.

एवढंच माझं म्हणणं. हे मी रविवारीही सांगितलं होतं, यात नवीन मुद्दा नाही. म्हणून कृपया याला उत्तर म्हणून इथे पुन्हा चर्चा सुरू करू नका, माझ्या बाजूनेही नको. ज्यांना माझं पटतं त्यांनीही खाली 'सहमत'चे अंगठे लावू नयेत, म्हणजे मतदान पुन्हा झाल्यासारखं होईल. ज्यांना राग आला असेल त्यांनी फोन करावा, मी संध्याकाळी घरीच असते.

महेशदादा, बैठकीच्या टिपणात एक ओळ घालाल का? 'भोवत्यांच्या रातथाऱ्याची नेमकी जागा त्याच दिवशी टाकण्याला सुनंदा यांचा विरोध होता; निर्णय बहुमताने कायम.' बस, तेवढंच. उद्या फेरविचाराच्या वेळी कुणी 'त्या वेळी कुणीच काही बोललं नव्हतं' असं म्हणू नये, इतकाच त्याचा उपयोग.

आता निर्णय राबवण्याबद्दल. नवीन रातथारा मला सापडला तर मी त्याची पिन त्याच दिवशी इथे टाकीन. उशिरा नाही, 'साधारण नान्नजच्या बाजूला' असं मोघमही नाही. दोघातिघांनी मला वैयक्तिक विचारलं की जुन्या लोकांचा एक वेगळा छोटा गट काढूया का, रातथाऱ्यांची माहिती तिथेच ठेवूया. मला ते मान्य नाही आणि मी त्यात येणार नाही. ठरल्यावर मागच्या दाराने दुसरंच करायचं असेल तर रविवारी हात वर करण्याला काय अर्थ राहिला? ज्या मुलांच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, त्यांची तक्रार मग कायमची खरी ठरेल.

एक सुचवते. निर्णयाला धक्का न लावता करता येण्यासारखं आहे, पटलं तर घ्या. रातथाऱ्याची पिन टाकताना तिच्याखाली हा मजकूर जोडावा:

'गाडी डांबरी रस्त्यावरच थांबवा, हेडलाइट बंद ठेवा. गवतात पाऊल टाकू नका, दुर्बिणीतून रस्त्यावरूनच बघा. फ्लॅश आणि ड्रोन नको. सूर्यास्तानंतर पाऊण तासात परत फिरा. ही पिन गटाबाहेर पाठवू नका.'

ठेवायचा की नाही ते तुम्ही आणि रेणुकाताईंनी ठरवा. नाही म्हणालात तरी माझ्या पिनांखाली मी तो लिहीनच. तेवढी मोकळीक मला असावी.

आणि गड्ड्यानंतर आपण बसू तेव्हा मताऐवजी आकडे समोर असावेत असं मला वाटतं. बार्शी रोडकडच्या रातथाऱ्यावर दर रविवारी संध्याकाळी उतरणारे भोवत्ये मोजायचं काम मी अंगावर घेते. जागा एकच, रस्त्याच्या कडेचा तो बाभळीखालचा पूल. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास ते नंतर अर्धा तास. किती उतरले, किती गाड्या थांबल्या, कुणी गवतात गेलं का, आणि त्यानंतर पक्षी उठले का, एवढं वहीत. मोजणी एकटीची नसावी, नाहीतर मला हवं तेच मी पाहिलं असं कुणालाही म्हणता येईल. म्हणून रविवारी निर्णयाच्या बाजूने हात वर केलेल्यांपैकी कुणीतरी दर वेळी सोबत यावं. अक्षय, तू सगळ्यात ठामपणे बोललास, पहिल्या रविवारी तू येशील का? तुझी मोटारसायकल नसली तर माझ्या स्कूटरवर जाऊ.

संख्या टिकली तर माझी भीती फोल होती असं मी बैठकीत उभं राहून सांगेन. एक सांगून ठेवते, फेब्रुवारी सरताना काही पक्षी तसेही परतीला लागतात, त्यामुळे तुलना त्याआधीच्याच आकड्यांची करायची.

उन्हाळ्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा, धाविकांचा वगैरे, प्रश्न वेगळा आहे. तो या निर्णयात येत नाही, म्हणून इथे काढत नाही. फेरविचाराच्या बैठकीत तो स्वतंत्र विषय म्हणून ठेवावा, एवढी विनंती.

पहिली मोजणी येत्या रविवारी. साडेचारला डफरीन चौकातून निघते. पाण्याची बाटली आणि स्वेटर आणा, माळावर वारा असतो.

– सुनंदा