'उधारीची वही' : लॉगलाइन आणि सिनॉप्सिस (नवीन ड्राफ्ट)

नमस्कार ताई,

मागच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारलं होतंत की ही गोष्ट नक्की कोणाची आहे, नातवाची की अक्काची. त्यावर पूर्ण स्क्रिप्ट नव्याने लिहिलीय, गोष्ट आता अक्काचीच आहे. खाली एका पानात सगळं देतोय, शेवटासकट, कारण शेवट लपवून सिनॉप्सिस पाठवण्यात काही अर्थ नाही.

फिल्म : उधारीची वही. मराठी फीचर, ड्रामा, साधारण १ तास ५० मिनिटं. काळ जुलै २०१२, ठिकाण लोअर परळची एक चाळ.

लॉगलाइन

गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत एका मेलेल्या बदली कामगाराचा नंबर लागतो आणि त्याच्या मुलीला हवा असलेला एकुलता एक पुरावा चाळीतल्या म्हाताऱ्या खानावळवालीच्या ट्रंकेत निघतो. पण ती पगाराची चिठ्ठी संपाच्या काळातली आहे, म्हणजे ती बाहेर काढली तर बापाला घर मिळेल आणि त्याच्या नावावर संपफोड्या हा शिक्काही कायमचा बसेल, आणि त्याला गिरणीत कोणी पाठवलं हे फक्त त्या खानावळवालीलाच माहितीय.

सिनॉप्सिस

अनसूयाबाई, वय ६६, चाळीत सगळे अक्का म्हणतात. एकेकाळी तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत साचेखात्यातली तीसेक माणसं दोन पाळ्यांत जेवायची, बायकापोरं गावाला आणि ही गावकीच्या खोलीत पथारी टाकून राहणारी. गिरणी बंद झाली, खानावळ बंद झाली, अक्का आता समोरच्या टॉवरमधल्या दोन घरांना पोळ्या करून देते.

दादर-रत्नागिरी पॅसेंजरने रेखा येते, वय ३८, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून. तिचे वडील सखाराम २००४ मध्ये गेले. आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून फॉर्म भरला होता, त्यावर नुसता तिकीट नंबर, आणि म्हाडाच्या पहिल्याच सोडतीत नंबर लागला. २२५ चौरस फुटांचं घर. आता आठ दिवसांत सिद्ध करायचंय की बाबा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होते. सखाराम बदली कामगार, म्हणजे रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कोणी कायम माणूस आला नाही तर आत घेणार, नाहीतर परत. अशा माणसाचे कागद कोण जपून ठेवणार, आणि जे काही थोडे होते ते गावच्या घरात पावसाने खाल्ले.

चाळीत सगळ्यांचे कागद विठ्ठल लावून देतो. वय ६०, संपातला कडवा कार्यकर्ता, आज कामगारांच्या कमिटीचं काम फुकट बघतो, म्हाडाच्या वांद्र्याच्या ऑफिसात लोकांसोबत स्वतः जाऊन उभा राहतो. हा माणूस व्हिलन नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो रेखासाठी दोन दिवस वणवण करतो, आणि ज्या क्षणी त्याला कळतं की हा सखाराम म्हणजे तोच सखाराम, तेव्हा फाइल बंद करून तिच्या हातात देतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि विठ्ठलसाठी तो आजही चालू आहे.

अक्काकडे सखारामची ट्रंक आहे. डिसेंबर ८२ मधल्या एका रात्री त्याला गेटबाहेर मारलं, पाय मोडला, तो तसाच गावी गेला आणि परत आला नाही. ट्रंकेत ऑक्टोबर ८२ ची पगाराची चिठ्ठी आहे. अक्का तीन दिवस रेखाला जेवू घालते, जवळ झोपवते, पण ट्रंकेचा विषय काढत नाही. प्रेक्षकाला ट्रंक आधीच माहितीय, रेखाला नाही. पूर्वार्ध या ताणावर उभा आहे. इंटरव्हलला रेखा स्वतः ट्रंक उघडते, चिठ्ठी बघून आनंदाने ओरडते, आणि मग तारीख वाचते.

उत्तरार्धात रेखाचा राग आधी बापावर. लंगडत आयुष्य काढलेल्या, संपाचं नाव निघालं की उठून जाणाऱ्या बापाची सगळी गप्प राहणं तिला आता वेगळी दिसायला लागतात. आई फोनवर म्हणते, कागद फाडून टाक, घर नको. तेव्हा अक्का वही काढते. संपाला नऊ महिने झाले होते, बहुतेक माणसं गावी गेलेली, मागे उरलेले चौदा जण उधारीवर जेवत होते, वाण्याने माल बंद केला होता. अक्कानेच सखारामला सांगितलं, तू जा आत, कोणाला कळणार नाही, चूल विझली तर ही पोरं संप कशी चालवणार. त्याने गावच्या पैशापुरतं ठेवून उरलेला पगार तिला दिला. वहीत 'जमा' खाली त्याचं नाव आहे, आणि 'उधार' खाली चौदा नावं. त्यात विठ्ठल.

अक्काने तीस वर्षं सखारामला एकट्याला दोषी राहू दिलं, कारण बोलली असती तर खानावळ, चाळ, नवऱ्याची इज्जत, सगळंच गेलं असतं. तिचा नवराही त्या चौदात होता आणि काही न कळताच वारला.

कमिटीच्या मीटिंगमध्ये अक्का उभी राहून वही वाचते. भाषण नाही, फक्त तारीख, नाव, ताटं, रक्कम. विठ्ठल आपलं नाव ऐकतो. त्या रात्री मारणाऱ्यांत तो होता हे तो तिथे कबूल करत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे रेखाला एकटीला सांगतो. ती त्याला माफ करत नाही. तरी तो तिच्यासोबत वांद्र्याला जातो आणि साक्षीदार म्हणून सही करतो. काउंटरवरचा क्लार्क विचारतो, चिठ्ठी कुठल्या महिन्याची? मागे रांगेत सगळे जुने कामगार उभे आहेत. रेखा मोठ्याने सांगते, ऑक्टोबर ब्याऐंशी. कट. घर मिळतं की नाही ते दाखवत नाही, चिठ्ठी नियमात बसते हे प्रेक्षकाला तोवर माहिती असतं.

आधीच्या ड्राफ्टपेक्षा काय बदललं

पत्रकार नातू पूर्ण काढला, त्याची लव्हस्टोरी पण. १९८२ चे मोर्चे आणि गिरणीच्या आतले सीन गेले, आता ८२ फक्त अक्काच्या खोलीच्या आत दिसतं, रात्रीचं, चुलीच्या उजेडात, बाहेरच्या घोषणा नुसत्या ऐकू येतात. बजेटचा फायदा आहेच पण मला तो बदल गोष्टीसाठी हवा होता, कारण संपावर बोलताना आपण नेहमी गेटवरची माणसं बघतो आणि त्यांना दोन वेळा वाढणाऱ्या बायका कुठेच दिसत नाहीत. चाळीचा एक मजला आणि खोली सेट लावावा लागेल, बाकी दादर स्टेशन, एक ऑफिस, एक हॉल आणि कोकणात तीन दिवस. पाऊस बराचसा आवाजातून येतो, रेन मशिन चारच सीनला.

अक्कासाठी रंगभूमीवरची अनुभवी नटी हवी, जिला भाकरी थापता थापता संवाद म्हणता येतो. स्टार नको असं नाही, पण हात खरे दिसले पाहिजेत.

नवीन ड्राफ्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर केलाय, ११२ पानं आहे. तुम्ही म्हणालात की लगेच पाठवतो, आणि वाचून दाखवायला यायचं असेल तर पुढच्या आठवड्यात कुठल्याही दिवशी संध्याकाळी अंधेरीला येऊ शकतो.

समीर