रविवारची गोळी

रात्रीचे सव्वादोन. मेघना रॅकवरच्या एक्स्पायरी तपासत होती, तेवढ्यात दुकानाचा मोबाइल वाजला. एक फोटो आणि खाली मेसेज: ‘आईचं तोंड आतून सोललंय, पाणीही गिळवत नाही. या गोळ्या चालू आहेत. तोंडात लावायला काय मिळेल?’

तोंड येणं रोजचंच. जेलचं नाव तिने अर्धं टाइपही केलं. मग फोटो मोठा करून पाहिला.

चादरीवर शेजारी शेजारी दोन स्ट्रिपा. दोन्ही चंदेरी, दोन्हींवर पिवळा पट्टा, आत मसुरीएवढ्या पिवळ्या गोळ्या. नावं खालच्या बाजूला. एकीत दहापैकी आठ खळगे रिकामे, दुसरीत एकच फुटलेला.

तिने जेलचं नाव खोडलं आणि फोन लावला.

“दादा, मेडिकलमधून बोलतेय. जास्त रिकामी झालेली स्ट्रिप उलटी करून नाव वाचता का?”

“मेथो... मेथोट्रेक्सेट. साडेसात.”

“ती कधी देता?”

“रोज रात्री. व्हिटॅमिनची ना? सांध्यांची दुसरी, ती फक्त रविवारी. गेल्या सोमवारपासून मीच देतोय.”

मेघनाच्या हाताला घाम फुटला. नेमकं उलटं झालं होतं. मेथोट्रेक्सेट रविवारची, बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिड. सोमवार ते शनिवार सहा, मग सोमवार, मंगळवार. आठ.

“आईंच्या अंगावर निळे डाग आहेत का?”

“दंडावर आहेत. कुठेतरी आपटलं असेल म्हटलं.”

“दादा, आता यातली एकही गोळी देऊ नका. आईंना लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. दोन्ही स्ट्रिपा आणि चिठ्ठी बरोबर घ्या. गेल्या गेल्या सांगा, आठवड्याची मेथोट्रेक्सेट नऊ दिवसांत आठ वेळा गेली.”

“सकाळी नेलं तर?”

“नाही. आत्ता. ही गोळी नव्या पेशी बनणं रोखते. तोंडातली त्वचा आणि रक्त, आधी तिथेच दिसतं.”

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. “मीच दिल्या हो ताई.”

“त्या दिसतातच सारख्या. गाडी काढा, दादा.”

तिने आत आडवे झालेल्या फार्मासिस्ट सरांना उठवलं. फोटो पाहून त्यांनी चष्मासुद्धा न शोधता हॉस्पिटलला फोन लावला.

साडेपाचला मेसेज आला: ‘ॲडमिट केलं. रक्तातल्या पेशी खूप कमी आहेत. फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू झालंय. आई जागी आहे.’

मेघनाने तो दोनदा वाचला. मग खण उघडला. ही दोन औषधं नेहमी जोडीने जातात, म्हणून दोन्ही बॉक्स एकाच खणात, एकमेकांना चिकटून. तिने मेथोट्रेक्सेटचा बॉक्स उचलून पार खालच्या खणात ठेवला, काळा मार्कर घेतला आणि आतल्या एकेका स्ट्रिपवर लिहायला लागली: ‘आठवड्यातून एकदाच’.