'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर : व्यक्तिचित्रण

प्रश्न : 'कोसला' या कादंबरीच्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकरचे, स्वभावविशेष कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा. (१५ गुण)

उत्तर :

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातील सांगवी या खेड्यातला एक मुलगा शिकायला पुण्याला जातो आणि पदवी न घेताच गावी परततो, इतकेच तिचे कथानक. घटना मोजक्या असल्यामुळे ही कादंबरी तिच्या नायकावरच उभी आहे. पांडुरंगला काही समीक्षकांनी निष्क्रिय किंवा पलायनवादी म्हटले. हे मत पटत नाही. त्याने आधी सगळे मनापासून करून पाहिले आहे. त्याचा नकार त्यानंतरचा आहे, हा क्रम लक्षात घेतला तरच ही व्यक्तिरेखा नीट कळते.

बोलण्यातून दिसणारा पांडुरंग

कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात आहे. पांडुरंगचे वर्णन दुसरे कोणी करत नाही, तो स्वतःच बोलतो. पहिल्याच वाक्यांत तो नाव सांगतो आणि आपण आज 'उदाहरणार्थ' पंचवीस वर्षांचे आहोत असे म्हणतो. स्वतःचे वय ही ठाम सांगण्याची गोष्ट, पण तिच्याही आधी तो 'उदाहरणार्थ' लावतो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द पुढे सतत येतात. ती नुसती लकब नाही. कोणतेही विधान पूर्ण खरे म्हणून मांडायला हा मुलगा कचरतो. मोठ्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडालेला आहे आणि आपले दुःखही मोठ्या शब्दांत सांगायची त्याला लाज वाटते. म्हणून 'वगैरे'च्या आड तो बहुधा सर्वांत दुखऱ्या गोष्टी ठेवतो. या व्यक्तिरेखेचा सर्वांत भक्कम पुरावा प्रसंगांपेक्षाही या भाषेत आहे.

उत्साही आणि भाबडा

पुण्यातला सुरुवातीचा पांडुरंग उदास नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला असते ती सगळी हौस त्याला आहे. चांगले कपडे, मित्रांवर सढळ खर्च, कॉलेजच्या मंडळांत आणि संमेलनात पुढे पुढे करणे, हे सगळे तो करतो. वसतिगृहाच्या मेसची जबाबदारीही तो अंगावर घेतो. लोक चांगले वागतील असे धरून चालतो आणि फसतो. पैशांचा घोळ होतो, नावाला बट्टा लागतो आणि कालपर्यंत भोवती असणारे मित्र बाजूला होतात. इथे त्याचा दोषही मान्य करायला हवा. पैसा वडिलांचा होता आणि हिशेब ठेवणे त्याला जमले नाही. तरी त्याची चूक लबाडीची नव्हती, भाबडेपणाची होती. कर्तबगार म्हणून मिरवण्याची किंमत त्याला याच अनुभवातून कळते आणि पुढे तो ती मिरवणूकच नाकारतो.

वडिलांशी ताण

वडील गावातले वजनदार, व्यवहारी गृहस्थ. मुलाने शिकून काहीतरी व्हावे, घरदार सांभाळावे ही त्यांची सरळ अपेक्षा. वडिलांच्या अधिकाराची त्याला चीड आहे, पण पुण्यातला त्याचा प्रत्येक दिवस त्यांच्या पैशावर चालतो. बंड करावे तर अन्न त्यांचे, आणि मान तुकवावी तर स्वतःचे काहीच उरत नाही. ही कोंडी तो लपवत नाही. स्वतःला नायक म्हणून उभे न करण्याचा हा प्रामाणिकपणा मराठी कादंबरीच्या आधीच्या ध्येयवादी नायकांत क्वचितच आढळतो.

मनीचा मृत्यू : व्यक्तिरेखेचा कणा

पांडुरंगला समजून घ्यायचे तर धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी थांबावेच लागते. मनी देवीच्या रोगाने जाते. एरवी कशातच न गुंतल्यासारखा बोलणारा पांडुरंग इथे मुळापासून हलतो. त्याच्या शोकाची तऱ्हा वेगळी आहे. रडण्याचे वर्णन तो करत नाही. मनीबरोबर तिचे इवले गर्भाशयही गेले, म्हणजे पुढे जन्मणाऱ्या आणि दुःख भोगणाऱ्या जिवांची एक रांगच थांबली, अशा दिशेने त्याचे मन जाते. वरवर हा विचार क्रूर वाटतो, पण तो आतून फुटलेल्या माणसाचा आहे. ज्या घरात मुलीचा जीव मुलाच्या जिवाइतका मोलाचा नाही, त्या घरावरचा आणि ती रीत चालवणाऱ्या माणसांवरचा रागही त्यात आहे. शिवाय आपण पुण्यात वडिलांचे पैसे उधळत होतो आणि घरी मनी गेली, ही टोचणी आहेच.

अजिंठ्याच्या प्रसंगात हेच दुःख पुन्हा वर येते. लेण्यांचे वर्णन करताना वाक्ये तुटक होतात आणि बुद्धाच्या मूर्ती पाहताना मनीची आठवण त्या पाहण्यात मिसळत जाते. सहलीला आलेल्या विद्यार्थ्याचे हे कलानिरीक्षण नाही. मरणाचा अर्थ लावण्याची त्याची धडपड दगडापर्यंत पोहोचलेली आहे. पांडुरंग कोरडा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मनीचा मृत्यू आणि अजिंठा ही पाने सलग वाचावीत.

एकटेपणा आणि मैत्री

पुढचा पांडुरंग आत मिटत जातो. अभ्यास सुटतो, भटकणे वाढते, दिवसांना आकार राहत नाही. रोजनिशीच्या नोंदींतून हे रिकामपण नेमके दिसते. मोठी घटना नाही, फक्त दिवस जातात. तरी तो माणूसघाणा नाही. सुरेश बापटसारख्या मित्राशी त्याचे रमणे, तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा, जगाच्या मोठेपणाची टर उडवणे यांत ओलावा आहे. त्याच्या विनोदाकडे उत्तर लिहिताना बऱ्याचदा दुर्लक्ष होते. हसणे हे त्याचे जगण्याचे साधन आहे. ते काढून घेतले तर उरलेला पांडुरंग खरा वाटणार नाही.

परतणे

परीक्षेची वाट अर्धवट सोडून तो सांगवीला येतो. गाव त्याला कवटाळत नाही. तिथेही त्याच्यासारखीच रिकामी फिरणारी शिकलेली मुले आहेत आणि घरात वडिलांचाच शब्द चालतो. शहराने नाकारलेला मुलगा गावात सुखी झाला, असा सोपा शेवट लेखकाने केला नाही. पांडुरंगही स्वतःला समजावत नाही. काय गेले, किती वर्षे गेली, हे तो शांतपणे मोजतो.

'कोसला' म्हणजे कोश, किडा स्वतःभोवती विणतो तो. पांडुरंगभोवतीचा कोश कोणी बाहेरून लादलेला नाही. मेसचे कर्ज, तुटलेले मित्र, मनीचे जाणे, वडिलांचा पैसा यांचे धागे घेऊन तो त्याने स्वतःच विणला. त्यातून तो बाहेर पडतो की नाही हे कादंबरी सांगत नाही. पंचविसाव्या वर्षी 'वगैरे' म्हणत का होईना, तो आपली हकीकत पहिल्यापासून सांगायला बसतो, एवढे मात्र तिच्या पहिल्याच पानावर आहे.