आजचा 11 चा कॉल राहिला, मनापासून सॉरी दादा

दादा नमस्कार, सकाळी 11 ला आपलं बोलायचं ठरलं होतं आणि मी कॉलला आलोच नाही, त्याबद्दल खरंच माफी मागतो. मिरजेत प्रेसवर एका कामाचा प्रूफ बघत होतो, मशिनच्या आवाजात रिंग ऐकूच आली नाही, बाहेर येऊन बघतोय तर तुमचे तीन मिस्डकॉल. आधी मेसेज टाकायला पाहिजे होता, तो टाकला नाही ही चूक माझीच. सौद्याची गडबड सोडून तुम्ही वेळ काढला होता, त्याचं जास्त वाईट वाटतंय.

हळद पावडरच्या पाऊचचं काम थांबलेलं नाही, 200 ग्रॅम आणि 500 ग्रॅम दोन्हीचं डिझाईन तयार आहे, मागच्या बाजूला एफएसएसएआय नंबर, पॅकिंग तारीख आणि एमआरपीची जागा सोडलीय. फक्त जीआयचं बोलायचंय, सांगलीच्या हळदीला 2018 ला मिळालंय ते बरोबर, पण पाऊचवर ते चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी लागते, ती झालीय का तेवढं सांगा, म्हणजे प्लेट काढायच्या आधीच ठरवता येईल.

उद्या दुपारी 4 ला सौदे उरकल्यावर कॉल करू का? नाहीतर शनिवारी मीच मार्केट यार्डात तुमच्या दुकानी येतो, सॅम्पल पाऊच हातात घेऊनच बघा, रंग स्क्रीनवर कळत नाही तेवढा. तुम्हाला जमेल ती वेळ कळवा, मी बाकीचं ॲडजस्ट करतो.